शाळेचं विज्ञान प्रदर्शन : या वर्षी परीक्षण नीट करायचंय, सुचवा

फडके_बाई_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी मुलुंडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. डिसेंबरात आमचं शाळेचं विज्ञान प्रदर्शन असतं आणि या वर्षी त्याची सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात आलीये. हॉल, टेबलं, बॅनर, पाहुणे हे सगळं जमेल, त्याची काळजी नाही. मला अडचण आहे ती परीक्षणाची.

मागच्या वर्षी पहिला नंबर आला तो एका एलईडी चमचमणाऱ्या 'स्मार्ट सिटी'ला. बाजारातून आणलेलं मॉडेल होतं हे शिपाईमामांपासून सगळ्यांना कळत होतं, फक्त परीक्षकांना कळलं नाही. पाहुणे परीक्षक दोन होते, त्यांना 40 टेबलं दाखवली, प्रत्येक टेबलापाशी दीड-दोन मिनिटं थांबले, मुलांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, झालं. एका मुलीने चार महिने टाकीच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या होत्या तिच्या वहीला कोणी हातही लावला नाही.

तर या वर्षी गुण कशाला द्यायचे, परीक्षक किती लागतील, वेळ कसा बसवायचा आणि मुलांना-शिक्षकांना कोणती कामं द्यायची हे आत्ताच, जुलैत, ठरवायचंय. साधारण 36 प्रकल्प येतील, गट दोघा-तिघांचे. अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.

चहाटळ

परीक्षकांना आधी चहा द्या आणि मग मॉडेलं दाखवा, आमच्याकडे उलटं करायचे त्यामुळे शेवटची दहा टेबलं सगळी 'उत्तम, उत्तम' मध्ये जायची.

गिरगावची_आई

बाई, चमचमणारी मॉडेलं जिंकतात हे खरं आहे पण सगळा दोष पालकांना देऊ नका हां. आमच्या शाळेत तर शिक्षकच सांगतात 'मॉडेल छान दिसायला हवं', मग मुलं रडतात आणि शेवटी आम्ही रात्री अकराला कागद कापत बसतो. थर्माकोल तर 2018 च्या बंदीनंतर वापरायचं नाही म्हणतात, आणि तरी दरवर्षी दिसतंच!

रोहित_७वी_बाबा

अहो माझ्या मुलाला पण प्रकल्प दिलाय, सातवीत आहे. इंजेक्शनच्या सिरिंजवाली हायड्रॉलिक जेसीबी कुठे मिळेल तयार? दादरला मिळते का कोणाला माहिती आहे का? अर्जंट आहे, शुक्रवारी न्यायचीय.

चहाटळ

@रोहित_७वी_बाबा, बाई समोरच बसल्यात हो :)

निवृत्त_मास्तर

बाई, मी बरीच वर्षं वॉर्ड आणि विभाग पातळीवर परीक्षक म्हणून गेलोय, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गुण कशाला द्यायचे. एनसीईआरटीच्या प्रदर्शनाच्या मार्गदर्शक सूचनांत जी विभागणी येते ती बहुतेक शाळा तशीच्या तशी उचलतात : मुलांची स्वतःची कल्पकता 20, नावीन्य 15, वैज्ञानिक विचार 15, तांत्रिक कौशल्य 15, समाजोपयोग 15, कमी खर्च, सहज नेता येणं, टिकाऊपणा वगैरे 10, आणि सादरीकरण 10. वरच्या पातळीला ती ठीक आहे कारण तिथे आलेले प्रकल्प एकदा तरी गाळून आलेले असतात. पण शाळेत हीच वापरली की काय होतं, कल्पकता, नावीन्य, कौशल्य, सादरीकरण हे चारही रकाने परीक्षक नजरेने भरतो. झालेच 60 गुण दिसण्याला. तुमच्या स्मार्ट सिटीला जे मिळालं ते याच वाटेने मिळालं.

शाळेपुरतं मी असं करायचो : प्रश्न आणि पद्धत 25, नोंदवही 25, प्रश्नोत्तरांतून कळलेली समज 30, बनावट 10, मांडणी 10. आणि नुसते रकाने देऊन चालत नाही, कशाला किती हे एका ओळीत लिहून द्यायचं. नोंदवहीचं उदाहरण देतो. एका बैठकीत लिहिलेली वाटते, त्याला 5. तारखा आहेत, आकडे आहेत, पण प्रत्येक मोजमाप एकदाच घेतलंय, त्याला 15. मोजमाप पुन्हा पुन्हा घेतलंय आणि फसलेलं मोजमापही खोडून न टाकता ठेवलंय, त्याला 25. असं लिहून दिलं की पाहुणा परीक्षकही फार भरकटत नाही.

सोल्डरगन

मास्तर, नोंदवही आदल्या रात्री लिहिता येते की. आम्ही कॉलेजात जर्नलं कशी लिहिली आठवा. परीक्षकाला काय कळणार?

निवृत्त_मास्तर

कळतं हो. एकाच पेनाची शाई पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एक खाडाखोड नाही, हे तर पोरही ओळखेल. पण खरी मेख आकड्यांत असते. समजा मुलाने स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर मोजलंय, तो काटा एक-एक ग्रॅम दाखवतो. मग वहीत 213, 178, 164 असे वेडेवाकडे आकडे यायला हवेत. सगळे 200, 180, 150, 125 असतील तर काटा घरात होता की नाही याचीच शंका. दुसरं म्हणजे तारखा. पाच दिवसांच्या नोंदी आहेत म्हणतात आणि त्यातला एक दिवस सगळी गावी गेलेली असते, हे गटातलं दुसरं पोरगं सहज सांगून जातं.

तरी वही ही फक्त सुरुवात. खरी परीक्षा प्रश्नांत. एक प्रकल्प सांगतो, आठवीतल्या मुलीचा, चाळीत राहणारी. प्रश्न साधा : पावसाळ्यात घरात कपडे वाळत घातले तर पंख्याने खरंच किती फरक पडतो. एकसारखे दोन नॅपकिन घेतलेले, कोरडे प्रत्येकी 92 ग्रॅम. भिजवून, पिळून, वजन करून दोरीवर. एक टेबलफॅनसमोर, दुसरा त्याच खोलीत पण मध्ये पुठ्ठा उभा करून, म्हणजे वारा लागणार नाही. दोन तासांनी पुन्हा वजन.

पहिल्या दिवशी पंख्यासमोरचा 214 वरून 131 वर आला आणि आडोशाचा 209 वरून 178 वर. म्हणजे 83 ग्रॅम पाणी गेलं विरुद्ध 31. सुरुवातीचं वजन दोन्हींचं सारखं नव्हतं कारण पिळणं सारखं होत नाही, म्हणून ती अंतिम वजनं न बघता किती पाणी गेलं ते बघत होती, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं बरं का, तिचं तिला सुचलं होतं. दुसऱ्या दिवशीही जवळपास तेच. तिसऱ्या दिवशी मात्र पंख्याचा 211 वरून 164 आणि आडोशाचा 213 वरून 195. म्हणजे 47 आणि 18, दोन्ही एकदम खाली.

मी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय झालं? ती लगेच म्हणाली, सर त्या दिवशी आईने चादरी पण आत वाळत घातल्या, आणि पावसाची झड येत होती म्हणून खिडकी बंद होती. वहीत बाजूला पेन्सिलीने लिहिलेलंही होतं, 'चादरी'. मग विचारलं, चादरींनी नॅपकिनला काय फरक पडतो? थोडा विचार करून म्हणाली, खोलीतली हवाच ओली झाली असणार, पंखा तीच हवा फिरवतोय.

या मुलीचं मॉडेल काय तर दोन नॅपकिन आणि एक पुठ्ठा. पण पाठ करून हे उत्तर देता येत नाही. म्हणून समजेला 30.

गिरगावची_आई

मस्तच! आणि पंखा बंद खोलीत फुल स्पीडला लावून पण चादर वाळत नाही हे मला आत्ता कळलं, मी विजेचं बिल भरतेय उगाच. खिडकी थोडी उघडी ठेवायची म्हणजे.

सोल्डरगन

उघडी ठेवून बाहेर पाऊस असेल तर बाहेरची हवाही ओलीच की. पण खोलीतल्यापेक्षा थोडी बरी, कारण खोलीत चादरींचं पाणी भर घालतंय. एक्झॉस्ट लावा.

मी_अनु

प्रकल्पात एक त्रुटी आहे असं वाटतं. पुठ्ठा लावला तरी टेबलफॅनची हवा खोलीत फिरतेच, म्हणजे दुसऱ्या नॅपकिनला 'वारा नाही' असं कसं म्हणणार?

निवृत्त_मास्तर

@मी_अनु, अगदी बरोबर आणि हाच प्रश्न दुसऱ्या परीक्षकांनी तिला विचारला. ती म्हणाली 'वारा नाही नाही, कमी वारा'. शीर्षकात मात्र तिने 'वाऱ्याशिवाय' लिहिलं होतं, तिथे तिचे गुण कापले. पण बघा, कापण्यासारखं काहीतरी तिथे होतं. स्मार्ट सिटीत कापायलाही काही सापडत नाही.

लोकलवाला

गुण ठरले पण परीक्षक? बाई म्हणाल्या 36 प्रकल्प. माझं मत, जास्तीत जास्त परीक्षक आणा आणि सगळ्यांचे गुण घेऊन सरासरी काढा. सरासरी काढली की कडक आणि मवाळ परीक्षक एकमेकांना खातात, प्रश्नच मिटला. ऑफिसात अप्रेझलला आम्ही तेच करतो.

फडके_बाई_मुलुंड

मास्तर, खूप खूप आभार, नॅपकिनवाला प्रकल्प मी वर्गात सांगणार आहे. लोकलवाला, सरासरी बरोबर वाटते पण प्रत्येक परीक्षकाने सगळे 36 बघायचे तर वेळ कुठून आणू? प्रत्येकी सात मिनिटं बोलणं आणि तीन मिनिटं लिहिणं-चालणं धरलं तरी दहा मिनिटं. 36 गुणिले दहा, सहा तास. माणूस वेडा होईल.

सोल्डरगन

आणि वाटून दिले तर सरासरी कामाची नाही. समजा अ ने पहिली 18 बघितली आणि ब ने उरलेली 18. अ कडक आहे, 45 ते 70 देतो. ब उदार, 75 ते 95. सरासरी काढायला प्रत्येक प्रकल्पाला एकच आकडा आहे, तर सरासरी कशाची? ब च्या रांगेतला शेवटचा प्रकल्प अ च्या पहिल्याच्या वर जाईल. सगळ्यांनी सगळं बघितलं तरच लोकलवाला म्हणतात ते चालतं.

लोकलवाला

हां, ते खरं. मी धरून चाललो होतो की सगळे सगळं बघणार. मग ?

निवृत्त_मास्तर

यावर सोपा उपाय आहे, मी दोन-तीन शाळांत बसवून दिलाय. परीक्षक सहा. प्रत्येक प्रकल्प दोघांनी बघायचा पण वेगवेगळ्या वेळी, एकत्र नाही, एकत्र आले की एकजण बोलतो आणि दुसरा मान हलवतो. 36 प्रकल्प गुणिले दोन म्हणजे 72 भेटी, सहा जणांत वाटल्या की प्रत्येकाला बारा. बारा गुणिले दहा मिनिटं, दोन तास. नऊ-तीसला सुरू केलं की साडेअकराला पहिली फेरी संपली.

आता महत्त्वाचं. जोड्या एकाच ठेवू नका. म्हणजे अ आणि ब कायम तेच बारा बघतायत असं नको. अ च्या बारापैकी थोडे ब बरोबर, थोडे क बरोबर, थोडे फ बरोबर असे वाटा. मग परीक्षकाचे गुण बेरजेत घेऊच नका, त्याने आपल्या बारांना लावलेला क्रम घ्या, 1 ते 12. दोन परीक्षकांचे दोन क्रमांक मिळवायचे, बेरीज जितकी कमी तितका प्रकल्प वर. कडक परीक्षकाचा पहिला पण पहिलाच आणि उदाराचा पहिलाही पहिलाच, त्यामुळे तो भेद निघून जातो.

मग बेरजेप्रमाणे वरचे आठ काढायचे आणि दुसऱ्या फेरीत ते सहाही परीक्षकांनी बघायचे. आठ गुणिले आठ मिनिटं, तासभर. अंतिम क्रमांक यातूनच, पहिल्या फेरीचे गुण विसरायचे.

मी_अनु

पण एखाद्या परीक्षकाच्या वाट्याला योगायोगाने सगळे भारी बारा आले तर? त्याच्याकडचा पाचवा दुसऱ्याकडच्या पहिल्यापेक्षा चांगला असू शकतो.

निवृत्त_मास्तर

असू शकतो, आणि ती या पद्धतीची मर्यादा आहेच. जोड्या मिसळल्याने थोडी कमी होते, जात नाही. म्हणूनच बक्षिसं तीन असली तरी वरचे तीन न काढता आठ काढायचे. शिवाय परीक्षकांना एक मुभा द्या, 'हा माझ्या यादीत खाली असला तरी दुसऱ्या फेरीत बघावा' असं एक नाव प्रत्येकाला सुचवता येईल.

चहाटळ

सहा जणांनी एकेक वाइल्ड कार्ड टाकलं की आठाचे चौदा झाले. मग पुन्हा चहा.

ठाणेकर_काकू

मी ठाण्याला एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. आम्ही रँक वगैरे नाही, सरळ गुण घेतो आणि सहाच्या सहा परीक्षक शाळेतलेच विज्ञान शिक्षक. बाहेरचे नको, त्यांना मुलांशी बोलताच येत नाही. पाच वर्षं काही तक्रार नाही.

गिरगावची_आई

@ठाणेकर_काकू, तक्रार नाही की तक्रार करायची सोय नाही? शाळेतल्या शिक्षकांना कोणाचं पोर कोण ते माहिती असतं, स्वतःच्या वर्गाला झुकतं माप दिलं जातं. वाईट हेतूने नाही म्हणत मी.

ठाणेकर_काकू

स्वतः मार्गदर्शन केलेला प्रकल्प बघायचा नाही असा नियम आहे आमच्याकडे. आणि बाहेरच्या पाहुण्याने सातवीच्या मुलाला 'याचं एन्ट्रॉपीवर काय स्पष्टीकरण देशील' विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. पोर कावरंबावरं झालं.

निवृत्त_मास्तर

दोघी बरोबर आहात. मी तीन आतले तीन बाहेरचे म्हणेन. बाहेरच्यांना सकाळी वीस मिनिटं बसवून वरची एक-एक ओळीची कसोटी वाचून दाखवा आणि प्रश्न कसे विचारायचे ते सांगा. तीन प्रश्न पुरतात : तुला हा प्रश्न कुठून सुचला? या ओळीतला आकडा असा का आला? अजून एक महिना मिळाला तर काय बदलशील? विकत आणलेल्या मॉडेलला दुसरा प्रश्न लागूच पडत नाही कारण ओळच नसते.

रोहित_७वी_बाबा

सगळं वाचलं. म्हणजे जेसीबी नको म्हणताय? पण सिरिंजमधल्या पाण्याने हात वर जातो ते विज्ञानच आहे ना. मुलाला खूप आवडलंय.

सोल्डरगन

@रोहित_७वी_बाबा, जेसीबी नको असं नाही हो, तयार नको. सिरिंजा औषधाच्या दुकानात मिळतात, 5 मिली आणि 20 मिलीच्या दोन-दोन घ्या, नळी घ्या, बाकी पुठ्ठा. मग मुलाला म्हणा, ढकलायची सिरिंज छोटी ठेवून आणि मोठी ठेवून, वाडग्यात नाणी टाकत किती वजन उचललं जातं ते मोज. छोटी ढकलली तर जोर कमी लागेल पण हात थोडाच वर जाईल, हे त्याचं त्याला दिसेल. आणि नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर दांडा आधी स्पंजसारखा दबतो आणि हात हलत नाही, तेही त्याला सापडू द्या, लगेच सांगू नका. शुक्रवारपर्यंत होतं.

रोहित_७वी_बाबा

धन्यवाद सर! हे आम्ही करून बघतो. नाणी रुपयाची चालतील ना?

सोल्डरगन

चालतील, फक्त सगळी एकाच वर्षाची घ्या, रुपयाचं नाणं मध्ये बदललंय, वजन वेगळं लागतं.

आता बाईंसाठी एक वेगळी गोष्ट. प्रदर्शनाच्या दिवशीचा घोळ हमखास विजेचा होतो. 6 अँपियरच्या साध्या पॉइंटवरून एक्सटेन्शन, त्याला अजून एक एक्सटेन्शन, आणि त्यावर कोणीतरी पाणी उकळायची किटली. 230 व्होल्टला 6 अँपियर म्हणजे 1380 वॉट. किटली एकटीच 1500 ची असते. एमसीबी पडला तर नशीब, नाही पडला तर वायर तापते. तुम्ही अर्जातच विचारा, वीज लागते का, कशाला, किती वॉट. बहुतेकांना लागत नाही, बॅटरीवर भागतं. ज्यांना लागते त्यांना भिंतीकडेला एका रांगेत बसवा, प्रत्येक पॉइंटवर 500 वॉटच्या वर जाऊ देऊ नका आणि तापवायचं काम सगळ्यांचं एकाच वेळी नको.

मी_अनु

आणि ज्वालामुखी! तो नारिंगी खड्यांचा, काडी लावली की हिरवी राख उडते तो. अमोनियम डायक्रोमेट असतं ते, कर्करोगाला कारण होऊ शकणारं रसायन, आणि भर हॉलमध्ये लावतात. सोडा-व्हिनेगर बरा. माझ्या मते यादीच लावून टाका : उघडी ज्योत नाही, डायक्रोमेट नाही, हायड्रोजनचे फुगे नाहीत.

ठाणेकर_काकू

+1. मुलांना कितीही आवडलं तरी नाही म्हणजे नाही.

फडके_बाई_मुलुंड

सगळ्यांचे आभार, बरंच कामाचं मिळालं. वेळापत्रक असं मांडलंय, बघा बरं.

जुलै अखेर एक पानी अर्ज : प्रश्न काय, काय मोजणार, कशाने मोजणार, घरात कोणती वस्तू लागेल, वीज किती. 'स्मार्ट सिटी' असं नुसतं लिहून आणलं तर परत पाठवणार, प्रश्न आणा म्हणून. गणपतीनंतर पहिली वही तपासणी, तेव्हा निदान पहिले आकडे हवेत. सहामाहीच्या काळात काही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर दुसरी तपासणी आणि तिच्यानंतर नवे आकडे घ्यायचे नाहीत, फक्त तक्ता आणि मांडणी. प्रत्येक तपासणीला मी वहीवर तारखेसह सही करणार. म्हणजे आदल्या रात्रीची वही आपोआप बाद.

आम्ही सहा शिक्षक, प्रत्येकाकडे सहा गट. शिक्षकाने फक्त प्रश्न विचारायचे, वस्तूला हात लावायचा नाही हे ठरलंय, बघू किती टिकतं.

मुलांची कामं : नववीतली बारा मुलं. दोघं घंटेला, सातव्या मिनिटाला एक आणि दहाव्याला दोन टोल. सहा जण प्रत्येकी एका परीक्षकाबरोबर, टेबल क्रमांकांची यादी हातात, हा अ चा पुढचा टेबल कोणता ते सांगायला. दोघं गुणांचे कागद गोळा करायला, उरलेले दोघं विजेच्या रांगेपाशी आमच्या शिपाईमामांबरोबर.

गिरगावची_आई

बाई छान आहे पण एक विचारू का. घरी जागाच नसते हो. माझ्या लेकीच्या वर्गात एका खोलीत सहा-सहा माणसं राहणाऱ्या मुली आहेत, आई दोन ठिकाणी कामाला. तिथे वजनकाटा कुठून आणि दोन तासांनी मोजणार कोण? शेवटी ज्यांच्या घरी वेळ आणि पैसा तेच पुढे जातात, वही असो नाहीतर मॉडेल.

निवृत्त_मास्तर

नॅपकिनवाली मुलगी एका खोलीतच राहायची. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही, वजनकाटा तिला शाळेने दिला होता. प्रयोगशाळेतला नव्हे, मुख्याध्यापकांनी स्वतःच्या पैशाने एक घेऊन ठेवला होता, वहीवर सही करून न्यायचा.

फडके_बाई_मुलुंड

शनिवारी दुपारी प्रयोगशाळा उघडी ठेवायचा विचार आहे, पण आमच्यातले दोघं निवडणुकीच्या कामाला लागलेत, बीएलओ. त्यांच्या वाट्याचे बारा गट कोणाकडे द्यायचे हा प्रश्न तसाच आहे. काटे, थर्मामीटर आणि स्टॉपवॉच असलेल्या दोन पेट्या करून आठवड्याला घरी द्यायच्या असं वाटतंय. मोबाईलचं स्टॉपवॉच सगळ्यांकडे नसतं.

लोकलवाला

दोन पेट्या 36 गटांना? एका आठवड्याला दोन गट, म्हणजे अठरा आठवडे, शेवटच्या गटाचा नंबर दिवाळीनंतरच येईल.

ठाणेकर_काकू

सगळ्यांना लागणार नाहीत, अर्जात विचारा, बऱ्याच जणांचं मोजपट्टी आणि घड्याळात भागतं. आणि पेटी तीन दिवसांनी परत. तरी कमीच पडतील, दोनाच्या चार करा.

चहाटळ

पेटीत टिकणारं काहीही ठेवा, सेल नका ठेवू. सेल घरच्या रिमोटमध्ये जातात, स्वानुभव.

मी_अनु

बाई, निकालाबद्दल एक. पहिली फेरी साडेअकराला संपली, मग क्रम मिळवून आठ काढायला किती वेळ धरलाय? सहा कागद, 72 आकडे.

फडके_बाई_मुलुंड

अर्धा तास, तेवढ्यात परीक्षकांचा चहा (ऐकलं ना, चहाटळ). बारा ते एक दुसरी फेरी, दीडला पालकांसाठी उघडणार. पालक आधी आत नकोत हे पक्कं आहे, नाहीतर परीक्षक विचारतात आणि उत्तर मागून येतं.

सोल्डरगन

बाहेरचे तीन परीक्षक मिळाले का? नसतील तर मी येऊ शकतो, एन्ट्रॉपी विचारणार नाही. घाटकोपरला राहतो.

फडके_बाई_मुलुंड

अरे वा, नक्की या! एक मिळाले, दोन हवेत. वार अजून ठरायचाय, मुख्याध्यापक रविवार म्हणतायत कारण पालकांना सुट्टी.

सोल्डरगन

शनिवार बघा ना. रविवारी मेन लाईनला मेगाब्लॉक असला तर सकाळी दहानंतर फास्ट गाड्या स्लोवर, माझं सोडा, पण टेबलं उचलायला येणारी मुलं आणि पालक दोन्ही अडकतील.

निवृत्त_मास्तर

शनिवारी असेल तर मीही येतो. दुसरा मी. फक्त टेबलांमध्ये खुर्ची फिरती ठेवा, गुडघे दोन तास उभं राहू देत नाहीत.